हंपी: शनिवार-रविवार की अख्खा आठवडा?

हंपीला किती दिवस लागतात, असं कुणी विचारलं की मी दिवस मोजत नाही. सकाळी आणि संध्याकाळी मोजतो. हे सगळं गाव ग्रॅनाइटच्या शिळांवर वसलेलं आहे. अकरा वाजले की दगड तापतात आणि साडेतीन-चारपर्यंत मोकळ्यावर फिरणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळिशीला टेकतो. डिसेंबर-जानेवारीत दुपार सुसह्य असते, पण तेव्हाही डोक्यावरच्या उन्हात खांबांवरचं कोरीवकाम सपाट दिसतं. या हिशेबाने शनिवार-रविवारी तुमच्या हातात दोन सकाळी आणि दीड संध्याकाळ येते, कारण रविवारची अर्धी संध्याकाळ परतीच्या गाडीत जाते.

एवढ्या वेळात हंपी होते का? होते, पण तुंगभद्रा नदीच्या दक्षिणेकडचीच. तीही क्रम नीट लावला तर.

क्रम बिघडतो तो तिकिटामुळे. विठ्ठल मंदिर आणि कमलमहाल असलेला जनाना परिसर यांचं तिकीट एकच असतं आणि ते त्याच दिवशी चालतं. पण या दोन जागांमध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे. शनिवारी दुपारी घाईने कमलमहाल उरकायचा आणि रविवारी विठ्ठल मंदिरात पुन्हा तिकीट काढायचं, असं कित्येकांचं होतं. शिवाय तिकिटाच्या जागा सूर्योदयाला उघडत नाहीत. म्हणजे पहाटेचे तास टेकड्यांना द्यायचे आणि त्यानंतरचे तिकिटाला.

शनिवारी सकाळी होस्पेटला उतरलात, तर तिथून हंपी तेरा-एक किलोमीटर आहे. रात्रभरच्या प्रवासाने अंग आंबलेलं असतं, म्हणून पहिली सकाळ सोपी ठेवा: विरूपाक्ष मंदिर आणि त्याला लागूनच असलेली हेमकूट टेकडी. मंदिराच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीला बारीक छिद्र आहे आणि त्यातून समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. बाहेर ऊन हवं, नाहीतर काही दिसत नाही. टेकडी उतरून पुढे गेलात की कडलेकाळू गणेश, आणि थोड्या अंतरावर 1528 सालचा, पावणेसात मीटर उंचीचा उग्र नरसिंह. दुपार कमलापूरच्या संग्रहालयात घालवा. तिथली हंपीची प्रतिकृती आधी पाहिली की उरलेलं गाव डोक्यात बसतं. (शुक्रवारी ते बंद असतं, त्यामुळे आठवडाभर राहणाऱ्यांनीही वार बघून जावं.) उन्हं कलली की हजारराम मंदिर, महानवमी दिब्बा आणि पायऱ्यांची पुष्करणी. हे विनातिकीट आहे, म्हणून शनिवारी चालतं.

रविवारची पहाट मातंग टेकडीची. अंधारात विजेरी घेऊन अर्धा-पाऊण तास चढायचं. वर अच्युतराय मंदिराचा आख्खा आराखडा पायाखाली उलगडतो. खरी खुबी उतरण्यात आहे. आल्या वाटेने परत जाऊ नका. अच्युतराय मंदिराकडच्या बाजूने उतरा, त्याच्या पुढच्या ओसाड बाजारपेठेतून नदीवर या आणि तुंगभद्रेच्या काठाने चालत विठ्ठल मंदिर गाठा. रमतगमत गेलात तर ते उघडण्याच्या सुमारास पोचता आणि गर्दी यायच्या आत दगडी रथासमोर उभे राहता. रिक्षाने येणाऱ्यांना गाडी लांब लावून बॅटरीच्या गाडीची रांग धरावी लागते, तीही तुम्हाला चुकते. तिथून रिक्षाने जनाना परिसर, हत्तीशाळा, आणि संपलं.

यात काय सुटलं? नदीपलीकडचं सगळं. आनेगुंदी, पावणेसहाशे पायऱ्यांची अंजनाद्री, सणापूरचं तळं आणि भाताची शेतं. दक्षिण तीर ही विजयनगरची उजाड राजधानी आहे. आनेगुंदी हे त्याहून जुनं आणि अजून नांदतं गाव. दोन्हीत मोठा फरक आहे आणि तो कळायला पलीकडे किमान एक रात्र राहावं लागतं. शनिवार-रविवारवाले ‘तासाभरात होडीने जाऊन येऊ’ म्हणतात आणि तिथेच फसतात. पावसाळ्यात तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की होडी आणि हरिगोल, म्हणजे टोपलीसारखी गोल नाव, दोन्ही बंद होतात. मग पुलावरून लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि दीड संध्याकाळीतली अर्धी तिथेच उडते. नदीकाठचा पुरंदर मंडप पाण्यात बुडालेला दिसला, तर होडीचा विचारच सोडा.

मग आठवडा घ्यावा का? इथे माझं मत अनेकांना पटत नाही: सात दिवस फक्त हंपीत काढणं मला चुकीचं वाटतं. तिसऱ्या दिवशी पाय बोलू लागतात आणि चौथ्या दिवशी मंडप मंडपासारखाच दिसायला लागतो. माणूस फोटो काढणं थांबवतो, पाट्या वाचणं थांबवतो. हेच ओळखायचं लक्षण. दरोजीच्या अस्वल अभयारण्यात एक दुपार-संध्याकाळ जाते आणि तेवढ्यापुरता बदल मिळतो, पण त्याने आठवडा भरत नाही.

आठवडा सार्थकी लागतो तो मुक्काम बदलल्याने. सुमारे 140 किलोमीटरवर बदामी आहे आणि तिच्या जवळच पट्टदकल आणि ऐहोळे. चार रात्री हंपी-आनेगुंदीला, दोन बदामीला, आणि तेही उलट्या क्रमाने: आधी बदामी. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इसवी सन 578 चा. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात चालुक्य राणी लोकमहादेवीने बांधवलं. विजयनगरची स्थापना 1336 मधली. म्हणजे आधी सहाशे ते साडेसातशे वर्षं मागे जायचं आणि मग पुढे यायचं. असं केलं की हंपीत खांब, शिखर आणि मंडप किती वाढले, किती सैलावले, हे कुणी न सांगता दिसतं. हंपी आधी पाहून बदामीला गेलात तर बदामी ‘लहान’ वाटते, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. अगस्त्य तीर्थाच्या काठी, भूतनाथ मंदिरांवर संध्याकाळचं ऊन पडतं तेव्हा घाई नसावी.

पहिल्यांदाच जात असाल, सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी मोठी माणसं असतील, तर शनिवार-रविवारला शुक्रवार किंवा सोमवार जोडा. ती जास्तीची सकाळ मातंग आणि विठ्ठल मंदिर वेगवेगळे करायला मिळते आणि पहाटेच्या चढणीनंतर लगेच चालायची सक्ती राहत नाही. एकटे असाल, पाय चांगले असतील आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा काळ असेल, तर दोन दिवसांतली दक्षिण तीराची हंपी पुरेशी आहे. नदीपलीकडे जायचा मोह मात्र त्या खेपेला टाळा.

सात दिवस खरोखर मोकळे असतील तर परतीचं तिकीट होस्पेटहून काढा आणि जाण्याचं बदामीचं.