ऑनलाइन कॅमेरा घेताय? चार्जर नाही म्हणून रिटर्नच नाकारतात, आधी हे वाचा

कासचा सीझन तोंडावर होता म्हणून ऑनलाइन कॅमेरा मागवला, बॉडी आणि १८-५५ लेन्सचा किट, ५२ हजार. पार्सल साताऱ्यात वेळेत आलं, पण आत चार्जर नाही, पट्टा नाही, आणि बॅटरी कुठल्यातरी भलत्याच कंपनीची. बरं, व्हिडिओ काढतच खोकं फोडलेलं, कुरिअरचं लेबल दाखवून, मध्ये कुठंही कट नाही. मित्राची बॅटरी घालून नव्या कोऱ्या कार्डवर पहिला फोटो काढला तर फाईलचं नाव IMG_4817! कार्ड रिकामं असलं तरी बरेच कॅमेरे नंबर मागच्यापुढं चालू ठेवतात, म्हणजे हा आधी कुणीतरी दाबून वापरलेला, आणि मला नवा म्हणून विकलेला.

यवतेश्वरच्या घाटातनं आभाळाचे फोटो काढले तर डावीकडं एक उभी जांभळट रेघ. प्रत्येक फोटोत तिथंच.

सेलरला चॅटवर सांगितलं तर उत्तर काय, सर लेन्सवर धूळ असेल, साफ करून घ्या. इथं बरेच जण गप्प बसतात, म्हणून हे नीट सांगतो. सेन्सर म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप, तिच्यावरची धूळ म्हणजे पुसट गोल डाग असतो, लेन्सचं छिद्र बारीक केलं, म्हणजे f/16 ला, की उठून दिसतो आणि छिद्र मोठं केलं, म्हणजे f/4 च्या आसपास, की जवळजवळ गायब होतो. माझी रेघ दोन्हीला सारखीच. लेन्स बदलली तरी तीच, आणि लेन्सला झाकण लावून पूर्ण अंधारात आयएसओ ३२०० वर फोटो काढला तरी काळ्यावर तीच रेघ, मग लेन्सचा संबंध येतोच कुठं? लॅपटॉपवर रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ फाईल उघडली, तिथंही हाय, म्हणजे मागच्या स्क्रीनचा दोष पण नाही. एखादा ठिपका चमकत असता तर कॅमेऱ्यातल्या पिक्सेल मॅपिंगनं, म्हणजे खराब ठिपके झाकायच्या सोयीनं गेला असता, पण सलग अख्खी रेघ म्हणजे सेन्सरची एक ओळच गेलेली, ती कापडानं पुसून जात नसते.

खरा डाव पुढं आहे. रिटर्न टाकला तर पिकअपवाला आला, मोबाईलमधली यादी बघतो, चार्जर? नाही. पट्टा? नाही. मग म्हणे रिटर्न रिजेक्ट! जे त्यांनी पाठवलंच नाही ते परत द्या म्हणतायत. पोरग्याचा दोष नाही, त्याला ॲपमध्ये टिक लागते. तिकडं सेलर म्हणतो चार्जर पाठवतो, तक्रार क्लोज करू का. हो म्हणालात की सेन्सरची तक्रारपण त्याच नंबरखाली बंद.

मग चॅट सोडून मेल केला, सेलरला आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला एकत्रच:

"ऑर्डरमधल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सदोष आहे. f/4, f/16 आणि झाकण लावून काढलेले फोटो मूळ फाईलसकट जोडले आहेत, रेघ तिन्हीत एकाच जागी आहे. चार्जर आणि पट्टा मिळालेला नाही, बॅटरी मूळ कंपनीची नाही, खोकं उघडतानाचा व्हिडिओ सोबत आहे. बॉडीचा आणि खोक्यावरचा सीरियल नंबर, दोन्हींचे फोटो जोडले आहेत. मला फक्त चार्जर नको, पूर्ण किट बदलून हवा. तोपर्यंत ही तक्रार बंद करू नये. न मिळालेल्या वस्तूंची नोंद पिकअपच्या यादीत आधी करावी आणि तसं लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्याशिवाय पिकअप परत नाकारला असता. वजनाचं पण लिहिलं होतं, लेबलवर १.१ किलो आणि किराणा दुकानाच्या काट्यावर पण जवळपास तेवढंच, म्हणजे माल वाटेत चोरीला नाही गेला, तिकडनंच कमी भरलेला. (लेबलवर कधी कधी खोक्याच्या आकारावरनं काढलेलं वजन असतं, म्हणून नुसत्या त्यावर विसंबू नका.)

खाली २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा उल्लेख टाकला. माल सदोष असला तर सेलरला परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, त्या तक्रारीचा नंबरपण मेलमध्ये घातला. ग्राहक आयोगात जायची वेळ आली असती तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इथं साताऱ्यातच केस टाकता येते, सेलर दिल्लीचा असू दे नाहीतर कुठलाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पण नाही.

त्यानंतर भाषाच बदलली बघा, सर सर करत फोन. मी म्हटलं फोनवर नको, जे काय ते मेलवर लिहा. पिकअपवाला परत आला तेव्हा यादीत 'चार्जर, पट्टा प्राप्त नाही' असं आधीच होतं. ओटीपी द्यायच्या आधी त्याच्यासमोरच सीरियल नंबरचा फोटो काढला आणि पावती घेतली, नाहीतर उद्या म्हणतील दुसराच कॅमेरा परत केला.

बदली किट आला तो सीलबंद, पहिली फाईल IMG_0001, झाकण लावून काढलेला फोटो पूर्ण काळा. कासची फुलं मात्र तोवर संपली होती.