पिवळा त्रिकोण, पिवळा पट्टा, पिवळा हिरा: डब्याच्या फोटोवरून नेमकं काय ठरवायचं

वाळपईच्या किंवा फोंड्याच्या दुकानातून फवारणीच्या औषधाच्या दोन बाटल्यांचे फोटो मोबाइलवर येतात आणि सोबत प्रश्न असतो, "यातलं कुठलं घेऊ?" आपण फोटो मोठा करून रंग बघतो. हिरवा दिसला की जीव भांड्यात पडतो, लाल दिसला की नको म्हणतो, आणि पिवळ्या-निळ्यापाशी अडखळतो. अडचण अशी की डब्यांवर रंगाच्या तीन वेगवेगळ्या पद्धती दिसतात आणि तिन्हींत तेच रंग वेगळ्या अर्थाने येतात. म्हणून आधी रंग बघू नका. खूण कुठल्या पद्धतीची आहे ते बघा.

पहिली पद्धत त्रिकोणाची. आपल्याकडच्या कीटकनाशकांवर, बुरशीनाशकांवर आणि तणनाशकांवर असतो तो खरं तर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. त्याचे आडवे दोन त्रिकोण होतात. खालच्या त्रिकोणात रंग आणि वरच्यात शब्द किंवा चिन्ह. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान एक सोळांश जागेवर असावा लागतो. मोठ्या कॅनवर तो ठळक दिसतो, पण 100 मिलीच्या बाटलीवर नखाएवढा होतो आणि बाटलीच्या गोलाईवर त्याचा एक कोपरा मागे वळतो.

दुसरी पद्धत पट्ट्याची. लेबलच्या अगदी तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंगीत पट्टा असतो, लेबलच्या उंचीच्या साधारण 15 टक्के. परदेशातल्या डब्यांवर ही पद्धत दिसते, त्यामुळे आखातातून कोणी बाटली आणली असेल तर तिच्यावर ती सापडू शकते. फोटो काढताना डबा तळाशी धरला तर पट्टा नेमका बोटांखाली झाकला जातो, आणि बघणारा समजतो की डब्यावर धोक्याची खूणच नाही. उलट चूकही तितकीच होते. भारतीय डब्यावर कंपनीने शोभेसाठी छापलेला हिरवा पट्टा लोक धोक्याचा पट्टा म्हणून वाचतात. भारतीय डब्यावर विषारीपणाचा रंग फक्त त्या खालच्या त्रिकोणात असतो, बाकीचे रंग जाहिरातीचे.

तिसरी खूण हिऱ्याची. पांढऱ्या चौकोनाला लाल कडा आणि आत काळं चित्र असेल तर तो रसायनांच्या जागतिक वर्गीकरणाचा हिरा. पूर्ण चौकोन रंगवलेला असेल तर तो बहुधा वाहतुकीचा. या दोन्हींत रंग विषाची तीव्रता सांगत नाही.

आता पिवळ्या रंगाचंच बघू, घोळ तिथेच जास्त होतो. विषाचा जोर उंदरांवरच्या चाचणीने मोजतात: चाचणीतली निम्मी जनावरं मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम. आकडा जितका लहान, विष तितकं जालीम. पोटात गेल्यावरच्या आकड्यांनुसार भारतीय त्रिकोण 50 पर्यंत लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा आणि त्यापुढे हिरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीवर चालणारा पट्टाही 50 पर्यंत लालच, पण त्याचा पिवळा थेट 2000 पर्यंत जातो आणि निळा त्यानंतर सुरू होतो. म्हणजे 1200 आकड्याचं औषध आपल्या त्रिकोणात निळं आणि पट्ट्यात पिवळं. बाटलीतलं विष तेवढंच आहे, मोजपट्टी बदलली. दोन फोटोंपैकी एकावर त्रिकोण आणि दुसऱ्यावर पट्टा असेल तर रंगाला रंग लावून निवड करू नका. दोन्हींवरच्या घटकाचं नाव आणि टक्केवारी जुळवा.

वाहतुकीच्या हिऱ्याचा पिवळा तर पूर्ण वेगळा. हॉटेलच्या स्विमिंग पूलसाठी येणाऱ्या कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या ड्रमवर पिवळा हिरा आणि त्यात वर्तुळावर ज्वाळा असते. ती सांगते की हा पदार्थ दुसऱ्या वस्तूंच्या जळण्याला जोर देतो. याच्यात आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून बाथरूमच्या ॲसिडशेजारी हा ड्रम ठेवायचा नसतो. पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ इथे लावला तर "बऱ्यापैकी विषारी" एवढंच कळतं आणि तो ड्रम नेमका ॲसिडच्याच खोलीत जातो.

शब्दांचीही हीच गत. "डेंजर" हा शब्द भारतीय त्रिकोणात निळ्या रंगावर येतो, म्हणजे चार पायऱ्यांपैकी वरून तिसरी. लाल कडेच्या हिऱ्यासोबत तोच शब्द आला तर तो तिथल्या सर्वांत गंभीर धोक्यांसाठी असतो. "डेंजरच लिहिलंय, पॉइझन तर नाही ना" हा दिलासा त्रिकोणापुरता ठीक आहे. हिऱ्यासोबत तो धोक्याचा ठरेल.

मग फोटोत वाचायचं कसं? भारतीय त्रिकोणाची एक सोय फार कामाची आहे: रंग न बघताही वर्ग कळतो. वरच्या अर्ध्यात कवटी-हाडं आणि पॉइझन असेल तर लाल. कवटी नाही, नुसतं लाल अक्षरांत पॉइझन, तर पिवळा. डेंजर असेल तर निळा, कॉशन असेल तर हिरवा. काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवरूनही हे वाचता येतं. मोबाइलच्या फोटोतल्या रंगापेक्षा हे शब्द कितीतरी जास्त भरवशाचे, कारण दुकानातल्या पिवळसर दिव्याखाली लाल नारिंगी दिसतो आणि फिकट पिवळा पांढऱ्यात विरून जातो. वर्षभर कुळागरातल्या खोपीत उन्हाला पडलेल्या डब्यावर लाल-पिवळी शाई बहुधा आधी उडते आणि निळी-काळी टिकते, त्यामुळे मुळातला हिरवा त्रिकोण निळसर दिसू शकतो. रंग आणि शब्द जुळत नसतील तर शब्द धरा. शब्दही वाचता येत नसेल तर अंदाज बांधू नका, दुसरा फोटो मागवा.

फोटो मागवताना इतकंच सांगा: डबा मधोमध धरा, तळ झाकू नका, फ्लॅश बंद ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागदच पिवळट दिसला तर त्रिकोणाच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. चौकोन गोलाईवर असेल तर बाटली थोडी फिरवून दोन फोटो हवेत. आणि घटकाचं नाव व टक्केवारी लिहिलेली ओळ जवळून वेगळी घ्यायची. खरा निर्णय त्या ओळीवर होतो.

का ते दोन बाटल्यांवरून दिसेल. पहिली गवत मारायच्या पॅराक्वाट डायक्लोराइड 24 टक्क्यांची, दुसरी मॅन्कोझेब 75 टक्के भुकटीची, जी बुरशीवर मारतात. कामं वेगळी असली तरी दोन्ही एकाच खोपीत असतात आणि घरातली माणसं त्यांच्याकडे रंगावरूनच बघतात.

पॅराक्वाटच्या डब्यावर आपल्याकडे पिवळा त्रिकोण. वर पॉइझन, कवटी नाही. पट्ट्याच्या वर्गवारीतही ते पिवळ्यातच बसतं. जागतिक वर्गीकरणात मात्र त्याच्यावर कवटीचा हिरा येतो. इथे मला हिऱ्याचंच म्हणणं पटतं. या द्रावणाचा एखादा मोठा घोट, 10 ते 15 मिली, मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. पहिल्या दिवशी तोंड-घसा भाजल्यासारखा होतो, माणूस बोलत असतो, आणि मूत्रपिंड व फुप्फुसं पुढच्या काही दिवसांत जातात. "कवटी नाही म्हणजे लालपेक्षा बरं" असा हिशेब इथे जिवावर बेततो. घरात लहान मुलं असतील, किंवा डबा कुलपात ठेवायची सोय नसेल, तर पिवळा त्रिकोण बघून हे घेऊ नका. गवत कापणीचं यंत्र किंवा कोयता बरा.

मॅन्कोझेबवर हिरवा त्रिकोण आणि कॉशन. पट्टाही हिरवा. उंदराला तोंडावाटे मारायला 5000 च्या वर मात्रा लागते, तेव्हा रंग आपल्या जागी बरोबरच आहे. पण हिऱ्यांत याला छातीवर चांदणी फुटल्यासारख्या माणसाचं चित्र, उद्गारचिन्ह आणि मेलेल्या माशाचं चित्र मिळतं. पहिलं दीर्घकालीन आरोग्याचं आहे, इथे गर्भावरच्या परिणामाचं. उद्गारचिन्ह त्वचेला ॲलर्जी आणण्याबद्दल. तिसरं पाण्यातल्या जिवांबद्दल. युरोपीय संघाने 2020 च्या डिसेंबरात त्याची परवानगी वाढवून दिली नाही. हिरवा त्रिकोण हे काहीच बोलत नाही, कारण तो एकदाच पोटात गेलेल्या किंवा कातडीवर सांडलेल्या मात्रेचंच मोजमाप आहे. गरोदर बाईने भुकटी हाताने कालवू नये हे त्याच्यावरून कधीच कळणार नाही. पंपाचं धुणं खाजनाच्या मानशीजवळ किंवा ओहोळात ओतू नये हेही नाही.

म्हणून निवड करताना मी असं विभागून बघतो. अपघाताने तोंडात जाण्याची, मुलांच्या हाती लागण्याची भीती असेल तर त्रिकोण महत्त्वाचा, आणि पिवळ्याला लालाच्या बरोबरीने धरायचं. रोज फवारणाऱ्या मजुराचा, विहिरीचा किंवा मासळीचा प्रश्न असेल तर त्रिकोण पुरत नाही. लाल कडेचे हिरे कंपनीच्या सुरक्षा माहितीपत्रात असतात, ते दुकानदाराकडून मागा. डब्यासोबतच्या घडीपत्रात कुठल्या पिकासाठी मंजुरी आहे तेही बघा. पोफळीचं नाव त्यात नसेल तर त्रिकोण हिरवा असूनही ते औषध तुमच्यासाठी नाही.

एका फोटोचं उत्तर मात्र कुठलीच पद्धत देत नाही: थंड पेयाच्या किंवा फेणीच्या बाटलीत काढून दिलेलं सुटं औषध. त्यावर त्रिकोण नाही, घटक नाही, बॅच नंबर नाही. ते घेऊ नका.

आणि कुणाच्या पोटात गेलंय म्हणून फोटो आला असेल तर रंग वाचत बसू नका. 108 ला फोन करा, डबा किंवा लेबल माणसासोबत दवाखान्यात पाठवा, आणि घटकाच्या ओळीचा फोटो डॉक्टरांना पुढे पाठवा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर आहे. तिथे सांगायचं ते घटकाचं नाव, टक्केवारी, अंदाजे किती मिली आणि किती वाजता.