अर्ध्या तासाचा विराम की सकाळपर्यंतचा?

भांडण त्याच त्या वळणावर आले की थांबायचे, हे एका जोडप्याने ठरवले आहे; मात्र अर्ध्या तासाने परत बसावे की विषय सकाळवर टाकावा, यावर त्यांचे एकमत होत नाही.

शरीर शांत होण्याच्या दृष्टीने पाहिले, तर संतापात वाढलेली हृदयाची गती उतरायला साधारण 20 मिनिटे तरी लागतात, त्यामुळे अर्धा तास बहुधा पुरतो. अट एवढीच, की त्या वेळात मनातल्या मनात उत्तरे रचायची नाहीत, चालावे, वाचावे. परतल्यावर पहिल्याच वाक्यात आवाज चढला, तर विराम अपुरा पडला असे समजावे आणि आणखी 20 मिनिटे घ्यावीत.

खरा फरक वाट पाहत थांबलेल्या जोडीदाराच्या मनात पडतो. एकजण पाठपुरावा करणारा आणि दुसरा गप्प होणारा असेल, तर “उद्या बघू” हे पहिल्याला टाळल्यासारखेच वाटते आणि जुनेच चक्र रात्रभर चालू राहते. म्हणून “मला थांबायला हवे, साडेनऊला मीच विषय काढेन” असे म्हणावे. ज्याने विराम मागितला, त्यानेच परत यावे. सकाळचा विराम बहुतेकदा इथेच फसतो, कारण सकाळी कामांच्या घाईत विषय निघतच नाही.

पाठपुरावा करणाऱ्याला दुरावा सोसत नसेल, तर अर्धा तासच योग्य. रात्री उशीर झाला असेल, झोप अनावर असेल किंवा मद्य घेतले असेल, तर सकाळ बरी, पण वेळ ठरवूनच. धमकी किंवा मारहाण होत असेल, तर यांपैकी काहीच लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागी जावे.