करारनाम्याची फाईल उघडली आणि चॅनेल गेलं

आईच्या हातचे पदार्थ मी गेली चार वर्षं यूट्यूबवर टाकतोय. गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत ते सगळं चॅनेल दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. अशा मेल आता लहान चॅनेलवाल्यांनाही सर्रास येतात, म्हणून जे घडलं ते लिहितोय.

एका नावाजलेल्या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नावाने मेल आली. त्यात ना लिंक होती ना फाईल. आमच्या अळूवडीच्या व्हिडिओचा उल्लेख होता आणि साठ सेकंदांच्या जाहिरातीचा दर विचारला होता. मी पंधरा हजार सांगितले. त्यांनी काहीही घासाघीस न करता वीस हजार देऊ केले. खरा जाहिरातदार आधी व्ह्यूज विचारतो, प्रेक्षक कुठले आहेत ते विचारतो. यांनी एकही आकडा मागितला नाही, तिथेच मी थांबायला हवं होतं. मेलचा पत्ताही कंपनीच्या खऱ्या डोमेनचा नव्हता. कंपनीच्या नावापुढे हायफन देऊन media जोडलं होतं.

तिसऱ्या मेलमध्ये करारनामा आला. ड्राइव्हची लिंक, त्यात झिप फाईल, आणि ती उघडायचा पासवर्ड मेलमध्येच दिलेला. गोपनीयतेसाठी पासवर्ड दिला असेल असं मला वाटलं. खरं कारण वेगळं होतं: पासवर्ड असला की आत काय आहे ते ड्राइव्हच्या किंवा मेलच्या व्हायरस तपासणीला दिसत नाही. झिप जेमतेम आठ एमबीची होती, पण उघडल्यावर आतली फाईल सातशे एमबीच्या वर गेली. चार पानांचा करार एवढा मोठा कसा असेल? फाईल मुद्दाम शून्यांनी भरून फुगवलेली असते, कारण फार मोठी फाईल बरेच अँटिव्हायरस तपासतच नाहीत. सगळी शून्यंच असल्यामुळे झिप केल्यावर ती इवलीशी होते.

तिच्यावर पीडीएफचं लाल चिन्ह होतं आणि नाव दिसत होतं `Contract.pdf`. पूर्ण नाव होतं `Contract.pdf.scr`. विंडोज नावाचा शेवटचा भाग आपण होऊन लपवतं, त्यामुळे `.scr` मला दिसलंच नाही. `.scr` म्हणजे स्क्रीनसेव्हर, आणि स्क्रीनसेव्हर हा चालणारा प्रोग्रामच असतो. मी डबल क्लिक केलं. एक काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, बाकी काहीच उघडलं नाही. फाईल खराब असेल समजून मी दुसरी पाठवा असं कळवलं आणि जेवायला गेलो.

पहाटे तीनच्या सुमारास मामेभावाचा फोन आला. "दादा, तुमच्या चॅनेलवर हे बिटकॉइनचं काय लाइव्ह चाललंय?" चॅनेलचं नाव, फोटो, सगळं बदललं होतं. आईचे दोनशेच्या वर व्हिडिओ खाजगी करून टाकले होते.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझं टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू होतं आणि तरी एकही ओटीपी आला नव्हता. भाऊ आयटीत आहे, त्याने समजावलं. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो, म्हणून रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. त्या प्रोग्रामने ती कुकीच उचलून नेली. चोर माझ्या आधीच उघड्या असलेल्या लॉगिनमधून आत शिरला, त्याला पासवर्डची आणि ओटीपीची गरजच पडली नाही. गूगलच्या सुरक्षा पथकाने २०२१ मध्ये यूट्यूबर्सवरच्या नेमक्या याच हल्ल्याबद्दल लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

"आधी लॅपटॉपचं नेट बंद करा, पासवर्ड मोबाइलवरूनच बदला," भाऊ म्हणाला. हे फार महत्त्वाचं होतं, कारण त्या लॅपटॉपवर बदललेला नवा पासवर्डही चोरीला जाऊ शकला असता. मोबाइलवरून सगळी डिव्हाइस साइन आउट केली तेव्हा त्यांचा शिरकाव तुटला. तोवर नियमभंगाच्या नावाखाली चॅनेलच बंद झालं होतं. अपील केलं, १९३० वर आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं. नवव्या दिवशी चॅनेल परत मिळालं. ते नऊ दिवस आई रोज सकाळी विचारायची, "आलं का रे आपलं?"

याच महिन्यात माझ्या मावसबहिणीला इन्स्टाग्रामवर साड्यांच्या कोलॅबचा मेसेज आला. साडी फुकट, फक्त कुरिअरचे १,४९९ आधी भरा, सोबत आधार आणि पॅनचे फोटो पाठवा. माझं ऐकून तिने ते थांबवलं. ज्याला आपल्याकडून जाहिरात करून घ्यायची आहे, तो आपल्याकडूनच पैसे कशाला मागेल?

आता मी विंडोजच्या फोल्डरमध्ये View, मग Show, मग File name extensions सुरू ठेवलंय, म्हणजे फाईलचं पूर्ण नाव दिसतं. आणि कुठलीही ऑफर आली की कंपनीच्या वेबसाइटवरचा पत्ता स्वतः शोधून तिथे विचारतो, आलेल्या मेलला उत्तर देत नाही. परवाच एका कंपनीने कळवलं की अशी कुठलीच मोहीम त्यांची सुरू नाही. ती ऑफर तीस हजारांची होती.