डार्क थीमचं वेळापत्रक: काही महिने वापरल्यानंतर, आणि न जुमानणाऱ्या ॲप्सबद्दल

माझा फोन अँड्रॉइड १४ वर चालतो. उन्हाळ्यापासून त्याची डार्क थीम मी हाताने लावायची सोडली आणि वेळापत्रकावर टाकली. वेळापत्रक चोख चालतं. डोकेदुखी आहे ती ते न मानणाऱ्या ॲप्सची, म्हणून वेळापत्रकाचं थोडक्यात सांगतो आणि मग तिकडेच वळतो.

Settings > Display > Dark theme > Schedule इथे मुख्य पर्याय दोन. एक सूर्यास्त ते सूर्योदय, दुसरा आपण ठरवू ती वेळ. पहिल्याला लोकेशन चालू लागतं. मी पुण्यात राहतो. इथे जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या आसपासच. सहा वाजता मी ऑफिसात ट्यूबलाइटखाली बसलेला असतो, तिथे काळ्या पडद्यावर ट्यूबचंच प्रतिबिंब दिसतं. म्हणून दिवाळीच्या आसपास सूर्याचा नाद सोडला आणि रात्री आठ ते सकाळी साडेसहा अशी स्वतःची वेळ टाकली. ज्यांचा दिवस बाहेर उन्हात जातो त्यांना सूर्यास्ताचा पर्याय जास्त सोयीचा पडेल.

एक गोष्ट बऱ्याच जणांना बिघाड वाटते. आठ वाजले तरी फोन पांढराच असतो. कारण असं की पडदा चालू असताना अँड्रॉइड ठरलेला बदल करत नाही, पडदा बंद होईपर्यंत थांबतो. थीम बदलली की बहुतेक ॲप्स समोरचं पान मोडून नव्याने उभं करतात, आणि अर्धा भरलेला फॉर्म त्यात पुसला जाऊ शकतो. तेव्हा पॉवर बटण दाबून फोन एकदा झोपवा, उठवाल तेव्हा काळा झालेला असेल. पडद्यावर वरून खाली बोट ओढून डार्क थीमची टाइल दाबली तर बदल लगेच होतो आणि वेळापत्रकाची पुढची वेळ येईपर्यंत टिकतो. भर दुपारी फोन आपसूक काळा झाला तर मात्र बॅटरी सेव्हर बघा. तो चालू झाला की डार्क थीमही सोबत आणतो.

आता न ऐकणारी ॲप्स. फोन ॲपला एवढंच कळवतो की सध्या रात्र आहे. त्यावर काय करायचं हे ॲप बनवणाऱ्याने आधी ठरवलेलं असतं. त्याने रात्रीचे रंग दिलेच नसतील तर ॲप पांढरंच राहतं, त्यात फोनचा दोष नाही. त्याआधी एक साधी तपासणी करावी, कारण कित्येकदा घोळ तिथेच असतो: ॲपच्या आत स्वतःची थीम निवडलेली असते. व्हॉट्सॲपमध्ये Settings > Chats > Theme इथे System default हवं. तिथे Light असेल तर फोनचं वेळापत्रक त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. क्रोममध्येही Settings > Theme मध्ये हीच तऱ्हा. तेवढ्याने माझी निम्मी तक्रार मिटली.

उरलेल्यांत माझं सगळ्यात त्रासदायक ॲप वीजबिल भरण्याचं. थीमची सेटिंगच नाही आणि पानं झगझगीत पांढरी. त्याच्यासाठी डेव्हलपर ऑप्शन्समधला उपाय केला. Settings > About phone मध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारायची, मग System > Developer options मध्ये Override force-dark चालू करायचं आणि ते ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. यात फोन ॲपचे फिके रंग स्वतःच्या अंदाजाने गडद करतो. पहिलं पान छान काळं झालं, बिलाची रक्कमही नीट दिसली. घोटाळा पुढे झाला. कंपनीचा लोगो पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत होता, तो गायब. ते चाललं असतं. पण ग्राहक क्रमांकाच्या चौकटीत टाइप केलेलं काहीच दिसेना, काळ्यावर काळं. अशा वेळी चौकट रिकामी आहे की अक्षरं लपली आहेत हे कळायला तिथे बोट दाबून धरावं. मजकूर असेल तर निवडीची पट्टी उमटते. आणि पैसे भरायचं पान तर पांढरंच राहिलं, कारण ते ॲपच्या खिडकीत उघडलेलं वेबपेज होतं. ते काळं करायचं की नाही हे त्या साइटच्या आणि ॲपच्या हाती.

दुसरी अडचण त्याहून मोठी. आपल्याकडची बरीच बँकेची आणि यूपीआयची ॲप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडायलाच नकार देतात. सुरक्षेसाठी ते करतात, त्यांचं मी समजू शकतो. पण बिलाचं ॲप काळं करायला जे चालू केलं त्यामुळे बिलाचे पैसे भरायचं यूपीआय ॲपच बंद, हे काही परवडणारं नव्हतं. शिवाय फोन रीस्टार्ट केला की ही सेटिंग गळून पडते. दोन-तीन आठवड्यांत मी तो नाद सोडला आणि डेव्हलपर ऑप्शन्सचं वरचं मुख्य बटणच बंद केलं.

अँड्रॉइड १६ च्या नंतरच्या अपडेटमध्ये डार्क थीमच्याच पानावर Expanded असा पर्याय आला आहे. तोही न ऐकणाऱ्या ॲप्सना जबरदस्तीने गडद करतो, पण डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागत नाहीत. बहिणीच्या नव्या फोनवर पाहिला. अंदाजाने रंग बदलण्यातले धोके तिथेही आहेतच, तेव्हा ओटीपी टाकायची चौकट आधी तपासून घ्या. शाओमीच्या अनेक फोनांत ॲपनिहाय यादी असते, जे बिनसेल तेवढं वगळता येतं. ही सोय मला सगळ्यांत शहाणी वाटते.

वेबसाइटसाठी मी फायरफॉक्स आणि त्यातलं डार्क रीडर हे ॲडऑन घेतलं. एखादी साइट विचित्र दिसली तर तेवढ्या साइटपुरतं बंद करता येतं. वर्तमानपत्रांच्या मराठी साइट रात्री वाचायला त्याचा खरा उपयोग झाला. मात्र काळ्यावर शुद्ध पांढरं अक्षर ठेवू नका. देवनागरीत अनुस्वार, रफार, जोडाक्षरं अशी बारीक नक्षी असते आणि ती पांढऱ्या झगमगाटात फुटते. 'मी' आणि 'मीं' वेगळं ओळखायला डोळे ताणावे लागले. डार्क रीडरमधला कॉन्ट्रास्ट थोडा उतरवून अक्षरांचा आकार एक घर वाढवला, मग ठीक झालं.

बिलाच्या ॲपसाठी आता Extra dim वापरतो. ही टाइल अँड्रॉइड १२ पासून आहे. ब्राइटनेस तळाला नेल्यावरही पडदा आणखी मंद करते. पांढरं पांढरंच राहतं, पण टोचत नाही, आणि रंग कोणी बदलत नसल्याने काही गायबही होत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ वाचायची असेल तर Color inversion ची टाइल लावतो. तिने फोटोही निगेटिव्हसारखे होतात आणि आधीच काळी असलेली ॲप्स पांढरी फटक पडतात, म्हणून वाचून झालं की लगेच काढायची.

आईच्या फोनवर हेच वेळापत्रक लावून दिलं होतं. तिला ॲस्टिग्मॅटिझमचा चष्मा आहे आणि काळ्यावरची पांढरी अक्षरं तिला पसरलेली दिसतात. अशा डोळ्यांची ही नेहमीची तक्रार. आठवडाभरात म्हणाली, "हे काळं काढ बाबा, मला सगळं दुहेरी दिसतंय." वेळापत्रक None वर नेलं आणि Extra dim ची टाइल पहिल्या रांगेत आणून ठेवली. रात्री ती स्वतःच दाबते.