कानशिलाजवळची शस्त्रक्रिया: अल्कोहोल, ऑक्सिजन आणि डायथर्मी यांपैकी काय सोडावे?

रुग्ण ६८ वर्षांचे आहेत, अनेक वर्षांच्या धूम्रपानाने त्यांची फुप्फुसे कमकुवत झाली आहेत आणि कानशिलावरची सुपारीएवढी गाठ स्थानिक भूल व थोडे गुंगीचे औषध देऊन काढायची आहे, असे समजू. सवयीप्रमाणे नाकाला नळी लावून मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन सुरू होतो, त्वचा अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने पुसली जाते, चेहऱ्यावर निर्जंतुक आच्छादने म्हणजे ड्रेप पसरले जातात आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी सर्जन मोनोपोलर डायथर्मीची, म्हणजे विजेच्या प्रवाहाने ऊती कापणारी व जाळणारी, पेन्सिल हाती घेतात. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर समर्थनीय आहे, परंतु वीतभर जागेत त्या एकत्र आल्या की आगीला लागणारे काहीच उणे राहत नाही. भूलसेवेशी निगडित नुकसानभरपाईच्या दाव्यांचा एक अभ्यास अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शस्त्रक्रियेच्या थिएटरमधल्या आगीच्या १०३ दाव्यांपैकी ९० टक्के दाव्यांत ठिणगी डायथर्मीची होती, आणि अशा बहुतेक आगी डोके, मान किंवा छातीच्या वरच्या भागावरील शस्त्रक्रियांत लागल्या होत्या.

प्रथम त्वचेच्या द्रावणाचा विचार करू. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमधले क्लोरहेक्सिडिन झपाट्याने जंतू मारते, पण त्याची वाफ थिएटरच्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि तिची फिकट निळी ज्योत प्रखर दिव्याखाली जवळजवळ दिसत नाही. केस नसलेल्या त्वचेवर ते वाळायला किमान ३ मिनिटे द्यावी लागतात, तर केसांत वाळायला तासभरही लागू शकतो. वाटीत ओतून बोळ्याने सढळ हाताने लावले की ते मानेखालच्या चादरीत मुरते, आणि ती ओल ड्रेपखाली कोणाच्याच लक्षात येत नाही. पाण्यातील पोव्हिडोन आयोडीन पेट घेत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियांत अल्कोहोलयुक्त द्रावणाने जखमेतील संसर्ग कमी होतो असे २०१० च्या एका मोठ्या चाचणीत दिसले होते. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र दोन्ही द्रावणांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय क्लोरहेक्सिडिन डोळ्यात किंवा मधल्या कानात गेले तर गंभीर इजा करते. त्यामुळे केसांना लागून असलेल्या कानशिलावर मी आयोडीनच निवडेन. पोटावर, श्वासनलिका नळीने बंदिस्त असताना, अल्कोहोलयुक्त द्रावण वापरायला माझी हरकत नाही, फक्त बेंबीत साचलेले द्रावण टिपून घेतले पाहिजे आणि वाळण्याचा वेळ घड्याळ पाहून मोजला पाहिजे.

कानशिलाजवळ मात्र खरा निर्णय ऑक्सिजनचा आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. नळीतून मिनिटाला ४ लिटर सोडला की श्वासातले प्रमाण अंदाजे ३६ टक्क्यांवर जाते, आणि उरलेला ऑक्सिजन ड्रेपखाली साचत राहतो. अशा हवेत भुवईचे केस, गॉज किंवा ड्रेपचे धागेही क्षणात पेटतात, म्हणजे द्रावण बदलूनही धोका संपत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की या रुग्णाला ऑक्सिजन खरोखर हवा आहे का? फुप्फुसांच्या जुनाट आजारात रक्तातील ऑक्सिजनची ८८ ते ९२ टक्के संपृक्तता पुरेशी मानली जाते. ती साध्या हवेवर टिकत असेल तर नळी बंद ठेवावी आणि गुंगी इतकी हलकी ठेवावी की रुग्ण बोलत राहील. यात एक लाभही आहे: श्वास मंदावला तर संपृक्तता लवकर घसरते आणि ते वेळीच कळते, तर जादा ऑक्सिजन ही घसरण काही काळ झाकून ठेवतो.

संपृक्तता टिकत नसेल आणि ३० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन लागत असेल, तर उघडी नळी तशीच ठेवून खबरदारीवर भिस्त टाकण्यापेक्षा पूर्ण भूल देऊन घशात बसवायचा लॅरिंजियल मास्क किंवा श्वासनलिकेतील नळीने वायुमार्ग बंदिस्त करणे अधिक सुरक्षित ठरते. दुबळ्या फुप्फुसांसाठी पूर्ण भूल ही मोठी किंमत आहे, आणि ती मोजण्याजोगी आहे का हे भूलतज्ज्ञाने आधीच्या तपासणीतच ठरवलेले असावे. मध्येच थोडा वेळ ऑक्सिजन द्यावा लागला, तर तो बंद केल्यावर ड्रेप उचलून हवा खेळती करावी आणि काही मिनिटे थांबूनच डायथर्मी वापरावी.

डायथर्मीतली निवड त्यामानाने सोपी आहे. मोनोपोलर पेन्सिलीच्या टोकाशी ठिणगी उडते. बायपोलरमध्ये प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांपुरताच राहतो, शक्तीही कमी लागते, त्यामुळे धोका घटतो, पण शून्य होत नाही. बायपोलरने कापता येत नाही ही तिची मर्यादा असली, तरी या गाठीसाठी चीर ब्लेडने देता येते, लहान वाहिन्या बायपोलरने बंद करता येतात आणि मोठी वाहिनी धाग्याने बांधता येते. भुवई व कल्ल्यांच्या केसांवर पाण्यात विरघळणारी जेली लावावी. एवढे करूनही ड्रेपखाली अचानक झळ जाणवली, ‘फट्’ असा आवाज आला किंवा धूर दिसला, तर भूलतज्ज्ञाने तत्क्षणी ऑक्सिजन बंद करावा, सर्जनने ड्रेप ओढून जमिनीवर टाकावेत आणि परिचारिकेने आधीच उघडून ठेवलेले सलाइन ओतावे.