‘आठ तास ऊन’ म्हणजे आठ युनिट नव्हेत: गच्चीवरील सोलरच्या हिशेबात झालेली फसवणूक

फलटणजवळच्या आमच्या गावी आई-बाबांच्या घरावर सोलर बसवून वर्ष उलटले आहे. पॅनेल उत्तम चालतात, इन्व्हर्टर एकदाही बंद पडलेला नाही, घेतलेली आणि परत ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरची नोंद बरोबर आहे, आणि तरीही आमची फसवणूक झाली आहे. ती यंत्रात नाही, तर यंत्र किती मोठे हवे हे ठरवणाऱ्या एका ओळीच्या गणितात झाली. हेच गणित आता इतर गावांतही दाखवले जात असल्याचे कानावर आल्यामुळे सर्व आकड्यांसह लिहीत आहे.

घर लहान आहे: दोन खोल्या, स्वयंपाकघर, फ्रिज, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर आणि उन्हाळ्यात कूलर. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. त्यावरून बाबांनी वर्षभराचे आकडे वहीत उतरवले होते. हिवाळ्यात वापर 176 युनिटपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात 285 पर्यंत चढतो. बारा महिन्यांची बेरीज 2,580 युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी 215 आणि दिवसाला सात युनिटांहून थोडे अधिक. विक्रेत्याला बाबांनी हीच वही दाखवली.

विक्रेत्याने दरपत्रकाच्या मागे लिहून दिलेला हिशेब असा होता: आपल्या भागात वर्षभराची सरासरी धरली तर रोज आठ तास ऊन असते; एक किलोवॉटचा संच तासाला एक युनिट देतो; म्हणून दिवसाला आठ आणि महिन्याला 240 युनिट मिळतील; आपला वापर 215 आहे, तेव्हा एक किलोवॉट पुरेसा असून बिल शून्यावर येईल. दुसऱ्या एका विक्रेत्याने दोन किलोवॉट सुचवून 1,35,000 रुपयांचे दरपत्रक दिले होते. याचे दरपत्रक 78,000 रुपयांचे होते, आणि ‘तो माणूस तुम्हाला गरजेपेक्षा दुप्पट माल विकतो आहे, काका,’ असेही त्याने बाबांना सांगितले. बाबांनी गणित पडताळून पाहिले, आणि गुणाकार खरोखरच बरोबर होता.

चूक गुणाकारात नव्हती, ती ‘आठ तास’ या आकड्याच्या अर्थात होती. हवामान खाते उन्हाचे तास मोजते, तेव्हा ऊन किती तीव्र आहे याची नोंद त्यात होत नसते, तर ठरावीक किमान तीव्रतेपेक्षा जास्त ऊन किती वेळ पडले याची होते. ही किमान मर्यादा दर चौरस मीटरला 120 वॉट एवढीच आहे. सकाळी साडेसातचे तिरपे, कोवळे ऊनही त्या हिशेबात पूर्ण तास म्हणून धरले जाते. पॅनेलवर छापलेली क्षमता मात्र दर चौरस मीटरला 1,000 वॉट ऊन आणि 25 अंश तापमान गृहीत धरून प्रयोगशाळेत मोजलेली असते. म्हणजे एक किलोवॉटच्या पॅनेलकडून तासाला एक युनिट मिळायचे असेल, तर तो संपूर्ण तास भर दुपारच्या तीव्रतेचे ऊन लागेल आणि शिवाय पॅनेल गार राहावे लागेल. सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचला तेच पॅनेल त्याच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकीही वीज देईलच असे नाही.

म्हणून सोलरसाठी उन्हाचे नुसते तास चालत नाहीत, ‘पूर्ण तीव्रतेचे तास’ काढावे लागतात: दिवसभरात एक चौरस मीटरवर पडलेली एकूण सौर ऊर्जा, किलोवॉट-तासांत. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागात ही वर्षाची सरासरी पाच ते साडेपाचच्या आसपास असते. तेवढीही पूर्ण हाती येत नाही. उन्हाळ्यात काळे पॅनेल साठ अंशांच्या वर तापते आणि 25 अंशांपुढच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के उत्पादन घटते. म्हणजे एप्रिलच्या दुपारी, सर्वांत चांगल्या उन्हातच, बारा-चौदा टक्के तूट येते. त्यात धूळ, तारा आणि इन्व्हर्टर यांची घट मिळवली की एकूण पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक उरते. 5.3 ला 0.77 ने गुणले तर चार येतात. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट, वर्षाला साधारण 1,400 ते 1,500, हा प्रामाणिक विक्रेते सांगतात तो आकडा असा येतो. आम्हाला सांगितलेला आकडा त्याच्या बरोबर दुप्पट होता.

आमच्या घराचा खरा हिशेब यावरून दोन ओळींचा आहे. वर्षाचा वापर 2,580 भागिले 1,400, म्हणजे 1.84 किलोवॉट. बसवलेले पॅनेल 540 वॉटचे असल्याने तीन पॅनेलांत 1.62 किलोवॉटच होतात आणि चार पॅनेलांत 2.16, तेव्हा चार पॅनेल आणि दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर, हे योग्य उत्तर होते. आमच्या गच्चीवर दोनच पॅनेल आहेत, म्हणजे 1.08 किलोवॉट. येथे सरासरी महिन्याऐवजी वर्षाची बेरीज घेतली आहे, याचे कारण नेट मीटरिंगमध्ये उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ही जमा 31 मार्चला आर्थिक वर्षासोबत संपते. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वापरता येतात. केवळ मे महिन्याचे बिल पाहून संच ठरवला, तर तो विनाकारण मोठा होतो, आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण विजेसाठी मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. अशा उलट्या दिशेनेही लोकांना फसवता येते.

पहिल्या वर्षी आमच्या संचाने सुमारे 1,540 युनिट दिले. एप्रिलमध्ये 151, जुलैमध्ये 90. फलटण पर्जन्यछायेत आहे; कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला जुलैचा आकडा याहूनही खाली जाईल. आश्वासन 2,880 युनिटांचे होते, आणि वापराच्या तुलनेत हजाराहून अधिक युनिट आजही विकत घ्यावे लागतात.

ही तूट सुरुवातीला लक्षात का आली नाही, हे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि 101 ते 300 या टप्प्याचा त्याच्या सुमारे दुप्पट आहे. सोलरमुळे आमचे महागड्या टप्प्यातले युनिट आधी कमी झाले, त्यामुळे सुमारे चाळीस टक्के गरज भागत नसतानाही बिल अर्ध्याहून खूप खाली आले आणि आई-बाबा समाधानी होते. बिल शून्य का होत नाही असे विचारल्यावर विक्रेत्याने कधी पॅनेल धुवायला सांगितले, कधी ढगांचे कारण दिले. एकदा तो दुपारी घरी आला, मोबाइलवर 0.86 किलोवॉट हा आकडा दाखवून ‘बघा, जवळजवळ एक किलोवॉट चालू आहे’ म्हणाला आणि गेला. तो आकडा खरा होता, पण साडेबाराचा होता. त्याच ॲपमधला दिवसभराचा आलेख पाहिला असता तर सकाळी आठ वाजता हीच रेषा 0.2 च्या खाली दिसली असती. रेषा सकाळी हळूहळू चढते, दुपारी माथ्यावर येते आणि तशीच उतरते. तिच्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे दिवसाचे युनिट, आणि ते चांगल्या दिवशी पाचाच्या आसपास भरते. आठ युनिटांसाठी ती रेषा सकाळी नऊपासून पाचपर्यंत पूर्ण एक किलोवॉटवरच आडवी राहायला हवी, जे कोणत्याही स्थिर पॅनेलला शक्य नाही.

पैशांचे नुकसान केवळ बिलातले नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे 30,000 रुपये अनुदान आहे. त्यामुळे आमचा संच अनुदानानंतर साधारण 48,000 ला पडला, तर दोन किलोवॉटचा संच 75,000 ला पडला असता. दुसरा किलोवॉट अवघ्या 27,000 रुपयांत मिळत होता. आता त्याच विक्रेत्याने तो वाढवण्यासाठी 1,05,000 रुपये मागितले आहेत, कारण बसवलेला इन्व्हर्टर एकच किलोवॉटचा असल्याने तो बदलावा लागेल, सांगाडा वाढवावा लागेल आणि महावितरणकडे क्षमतावाढीचा अर्ज नव्याने करावा लागेल. आधी अपुरा संच विकून मग वाढीव काम महागात घ्यायचे, हाच त्याचा व्यवसाय असावा, असे मला वाटते. शेजारच्या गावातल्या एका घरीही त्याने हेच केल्याचे नंतर कळले.

आम्ही तक्रारीला लागलो तेव्हा आणखी एक अडचण समोर आली. पॅनेलची 25 वर्षांची हमी ही प्रयोगशाळेच्या परिस्थितीत ते किती वॉट देईल याची असते, आपल्या गच्चीवर किती युनिट मिळतील याची नसते. आमचे पॅनेल त्या कसोटीला पूर्ण उतरतात. म्हणून ‘संच सदोष आहे’ अशी तक्रार केली असती तर ती पहिल्याच तपासणीत फेटाळली गेली असती. आम्ही तक्रार सदोष मालाची नव्हे, तर खोटी क्षमता सांगून विक्री केल्याची केली. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, नोंद केली. विक्रेत्याने उत्तर न दिल्यामुळे आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही. बाबांनी दरपत्रकाची मागची बाजू जपून ठेवली होती, आणि ‘8 तास × 1 = 8 युनिट’ ही विक्रेत्याच्या हस्ताक्षरातली ओळ हाच आमचा मुख्य पुरावा आहे.

ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे त्यांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी करारात दोन आकडे लिहून घ्यावेत. पहिला, बसवल्या जाणाऱ्या पॅनेलांची संख्या गुणिले प्रत्येकाचे वॉट, कारण नुसत्या इन्व्हर्टरच्या क्षमतेला संचाची क्षमता म्हणून सांगणारेही असतात. दुसरा, वर्षाला किमान किती युनिट मिळतील आणि कमी मिळाल्यास विक्रेता फरक कसा भरून देईल. दुसऱ्या आकड्याला पहिल्या आकड्यातल्या किलोवॉटने भागावे. उत्तर 1,400 च्या आसपास आले तर हिशेब विश्वासार्ह आहे. 1,700 च्या पुढे गेले तर तो आकडा कुठून आणला ते लेखी मागावे. आणि विक्रेता आकडा लिहून द्यायलाच तयार नसेल, तर सही करू नये.